वितळत्या बर्फातला सिलिंडर: कार्बन डायऑक्साइडच्या एका न टिकणाऱ्या अवस्थेचा अभ्यास

एका मजबूत सिलिंडरमध्ये 2 मोल, म्हणजे 88 ग्रॅम, कार्बन डायऑक्साइड 0.26 लिटर जागेत कोंडला आहे. सिलिंडर बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात बुडवलेला आहे, त्यामुळे तापमान 0 अंश सेल्सिअसवर स्थिर आहे. आत दाब किती असेल?

पदवीच्या वर्गात शिकलेल्या कुणाचाही हात आधी व्हॅन डर वाल्सच्या समीकरणाकडे जाईल. एका मोलसाठी ते असे:

```
P = RT/(V − b) − a/V²
```

कार्बन डायऑक्साइडसाठी a = 3.64 बार·लिटर²/मोल² आणि b = 0.0427 लिटर/मोल. दर मोलला V = 0.13 लिटर घातले की उत्तर येते 44.8 बार. प्रत्यक्षात दाबमापक 35 बारच्या आसपास थांबतो. फरकाचा काही भाग समीकरणाच्या ओबडधोबडपणाचा आहे, हे खरेच. पण a आणि b कितीही काळजीपूर्वक सुधारले, तरी मुख्य अडचण तशीच राहते. 44.8 बार हा आकडा ज्या अवस्थेचा आहे, म्हणजे सिलिंडरभर एकसारख्या घनतेने पसरलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, ती अवस्था या तापमानाला आणि या आकारमानाला टिकूच शकत नाही. तिला टिकू न देणारा ऊष्मागतिकीचा दुसरा नियम आहे, आणि तो नेमका कुठे आड येतो हे आकड्यांनिशी दाखवता येते.

वक्राचा चढता भाग

1869 मध्ये बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडचे समतापी वक्र प्रसिद्ध केले. सुमारे 31 अंशांच्या वर वायू दाबत नेला तर तो कुठेही खंड न पडता दाट होत जातो. त्याखाली मात्र वक्रात एक आडवा टप्पा येतो: आकारमान घटत राहते, दाब तसाच राहतो आणि आत द्रव साचत जातो. बेलफास्टमध्येच असलेल्या जेम्स थॉमसन यांनी 1871 मध्ये सुचवले की या आडव्या रेषेच्या जागी एक सलग, नागमोडी वक्र मनात आणता येईल. दोन वर्षांनी, 1873 मध्ये, व्हॅन डर वाल्स यांच्या लायडेन येथील प्रबंधातल्या समीकरणातून तसाच वक्र आपोआप बाहेर पडला.

आपल्या सिलिंडरचा बिंदू त्या वक्राच्या मधल्या भागावर आहे. 0 अंशांना V = 0.12 लिटर असताना समीकरण 41.0 बार देते, 0.13 ला 44.8 आणि 0.14 ला 47.7. म्हणजे जागा वाढली की दाबही वाढतो. संपीड्यतेच्या भाषेत सांगायचे तर

```
κ_T = −(1/V)(∂V/∂P)_T
```

ही राशी इथे ऋण आहे. समीकरणाप्रमाणे 0 अंशांना साधारण 0.092 ते 0.196 लिटर या पट्ट्यात ती ऋणच राहते. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना धन.

ऋण संपीड्यता असलेला पदार्थ विचित्र वाटतो, असे म्हणून पुष्कळ पुस्तके पुढे सरकतात. मला ते पुरेसे वाटत नाही. पाणीसुद्धा 0 ते 4 अंशांदरम्यान तापवले की आकसते. तेही विचित्रच आहे, तरी ते बिनदिक्कत टिकते. एका विचित्रपणाला निसर्गात मुभा आहे आणि दुसऱ्याला नाही, याचे कारण एन्ट्रॉपीच्या हिशेबातच शोधावे लागते.

दट्ट्याची चाचणी

सिलिंडरच्या मधोमध एक पातळ दट्ट्या आहे असे समजू. तो विनाघर्षण सरकतो आणि उष्णता आरपार जाऊ देतो. दोन्ही बाजूंना एकेक मोल, 0.13 लिटर, 44.8 बार. दाब सारखे, तापमान सारखे, म्हणजे बल समतोल आहे. पण समतोल असणे वेगळे आणि तो स्थिर असणे वेगळे. दुसरा नियम सांगतो की एकाकी व्यवस्थेची एकूण एन्ट्रॉपी कमी होत नाही. म्हणून एखादी अवस्था टिकायची असेल, तर तिच्या आसपासच्या प्रत्येक शक्य अवस्थेत एकूण एन्ट्रॉपी कमी असली पाहिजे. इथे ‘एकूण’मध्ये वायू आला तसे भोवतीचे बर्फाचे पाणीही आले.

आधी जिथे काही गडबड नाही तिथे हिशेब करून पाहू. सिलिंडर मोठा घेतला, दर बाजूला 1 लिटर. दट्ट्या 0.1 लिटरने डावीकडून उजवीकडे सरकवला: डावीकडे 1.1 लिटर, उजवीकडे 0.9. व्हॅन डर वाल्सच्या वायूत ऊर्जेचा आकारमानावर अवलंबून असलेला भाग −a/V एवढाच असतो, एन्ट्रॉपीचा R ln(V − b). आकडे घातले की दिसते, वायूची एन्ट्रॉपी 0.091 ज्यूल/केल्विनने घटली. उजवीकडचे रेणू जवळ आल्याने जेवढी ऊर्जा सुटली, ती डावीकडे रेणू दूर नेण्याच्या खर्चापेक्षा थोडी जास्त भरली. ही शिल्लक 7.4 ज्यूल उष्णता म्हणून बर्फाच्या पाण्यात गेली आणि तिथली एन्ट्रॉपी 0.027 ने वाढली. बेरीज केली तर 0.064 ची घट. अशी हालचाल आपणहून घडणार नाही, आणि कुणी मुद्दाम घडवली तर उलटी फिरेल. दाबही तेच सांगतो: उजवीकडे 22.0 बार, डावीकडे 18.5. दाबलेली बाजू दट्ट्याला परत लोटते.

आता मूळ सिलिंडर. दट्ट्या फक्त 0.01 लिटर सरकवला: डावीकडे 0.14, उजवीकडे 0.12. वायूची एन्ट्रॉपी इथेही घटते, 0.110 ज्यूल/केल्विनने. विषम वाटणी झाली की हे व्हायचेच. पण रेणू आता इतके दाटीने आहेत की उजवीकडे आणखी जवळ येताना सुटलेली ऊर्जा डावीकडच्या खर्चाहून 33.3 ज्यूलने जास्त भरते. ही उष्णता बाहेर जाते, सुमारे 0.1 ग्रॅम बर्फ वितळतो, आणि 273 केल्विनने भागले की बाहेरची एन्ट्रॉपी 0.122 ने वाढलेली दिसते. शिल्लक उरते +0.012 ज्यूल/केल्विन.

सगळे प्रकरण या चिन्हात आहे. आकडा लहान दिसतो, पण तो बोल्ट्झमन स्थिरांकाने भागला की 10²⁰ च्या वर जातो, आणि ती संख्या घातांकात बसते. विषम वाटणीच्या बाजूने असलेली शक्यता इतकी प्रचंड आहे की सम वाटणीला काही आधारच राहत नाही. दाब पाहा: डावीकडे 47.7 बार, उजवीकडे 41.0. पसरलेली बाजू दट्ट्याला आणखी पुढे ढकलते. चुकून झालेली हालचाल स्वतःलाच वाढवत नेते.

लहान सरकवणीसाठी हाच हिशेब एका ओळीत मावतो. दोन सारखे भाग, प्रत्येकाचे आकारमान V, सरकवलेले आकारमान δ:

```
ΔS(एकूण) = −δ² / (T · V · κ_T)
```

δ² कायम धन, T आणि V धन. उजव्या बाजूचे चिन्ह ठरवायला एकटी संपीड्यताच उरते. ती धन असेल तर प्रत्येक सरकवणीत एन्ट्रॉपी घटते आणि अवस्था टिकते. ऋण असेल तर कोणतीही सरकवणी एन्ट्रॉपी वाढवते. पाण्याच्या प्रसरणाच्या गुणांकाला इथे जागाच नाही, म्हणून त्याचे चिन्ह काहीही असले तरी चालते.

दट्ट्या खरा असण्याचीही गरज नाही. सिलिंडरमधला कोणताही शेजारशेजारचा घनमिलिमीटर घ्या. रेणूंच्या धावपळीत एकात थोडे जास्त, दुसऱ्यात थोडे कमी, असे प्रत्येक क्षणी घडतच असते. दट्ट्या हलवायला बाहेरून कुणी लागत नाही.

उष्णतेची चाचणी

हाच प्रश्न आकारमानाऐवजी ऊर्जेबद्दल विचारला की दुसरी अट मिळते. दट्ट्या जागेवर अडकवून टाका आणि एका बाजूची थोडी उष्णता q दुसऱ्या बाजूला गेली असे समजा. प्रत्येक बाजूची स्थिर आकारमानाची उष्माधारकता C_V असेल, तर

```
ΔS = −q² / (C_V · T²)
```

C_V धन असेल तर उष्णता मिळालेली बाजू तापते, दिलेली बाजू थंड होते, आणि उष्णता परत फिरते. C_V ऋण असती तर उष्णता मिळालेली बाजू थंड झाली असती, थंड झाली म्हणून तिने आणखी उष्णता ओढून घेतली असती, आणि हे थांबले नसते. 28 ज्यूल/केल्विन उष्माधारकतेच्या दोन भागांत 28 ज्यूलची अदलाबदल केली तर 273 केल्विनला एन्ट्रॉपी 0.0004 ज्यूल/केल्विनने घटते. उष्माधारकता ऋण धरली की तेवढीच वाढते.

कार्बन डायऑक्साइडची C_V या तापमानाला विरळ वायूत दर मोलला सुमारे 28 ज्यूल/केल्विन आहे, आणि व्हॅन डर वाल्सच्या समीकरणात ती आकारमानाने बदलत नाही. म्हणजे आपला सिलिंडर उष्णतेच्या चाचणीत सहज उत्तीर्ण होतो. दोष फक्त यांत्रिक आहे, असे म्हणून इथे थांबता आले असते. पण दोन्ही चाचण्या एकत्र घेतल्या की एक गोष्ट दिसते, जिच्याकडे माझ्या मते वर्गात फारसे लक्ष दिले जात नाही.

दट्ट्या झटकन सरकवला तर

वरच्या चाचणीत दट्ट्या सावकाश सरकत होता आणि बर्फाचे पाणी दोन्ही बाजूंना 0 अंशांवर धरून ठेवत होते. आता तो इतक्या झटक्यात सरकवू की उष्णतेला आत-बाहेर व्हायला वेळच मिळणार नाही. डावी बाजू 0.14 लिटरपर्यंत पसरताना थंड होते, सुमारे −9 अंशांपर्यंत. उजवी बाजू 0.12 पर्यंत दाबली जाताना तापते, सुमारे +10 अंश. त्या तापमानांचे दाब काढले तर डावीकडे 40 बार, उजवीकडे 52. दाबलेली बाजू जोरात परत ढकलते आहे!

म्हणजे उष्णता कोंडून मोजलेली संपीड्यता, κ_S, या बिंदूवर धन आहे. C_V सुद्धा धन. एकेकटी पाहिली तर दोन्ही लक्षणे निरोगी. तरीही दट्ट्या त्या जागी काही क्षण धरून ठेवला, उष्णता वाहू दिली आणि दोन्ही बाजू 0 अंशांवर आल्या, की दाब 47.7 आणि 41.0 होतात आणि ढकलण्याची दिशा उलटते. आजार आकारमान आणि ऊर्जा यांच्या एकत्रित बदलात दडला होता.

म्हणून एन्ट्रॉपीचा विचार U आणि V या दोन्ही दिशांनी एकाच वेळी करावा लागतो. S(U, V) हा पृष्ठभाग प्रत्येक तिरप्या दिशेनेही खाली वाकलेला असला पाहिजे; फक्त दोन अक्षांवर तो वाकलेला असून भागत नाही. या अटीचे गणित केले की ती C_V > 0 आणि κ_T > 0 या जोडीशी तंतोतंत जुळते. C_V > 0 आणि κ_S > 0 ही जोडी मात्र अपुरी पडते, आणि आपला सिलिंडर त्याचा पुरावा आहे. परिस्थिती समतापी ठेवून मोजलेली संपीड्यता घ्यायची, ही बारीक गोष्ट त्यामुळे महत्त्वाची ठरते.

स्थिर दाबाच्या उष्माधारकतेवरही याचा परिणाम दिसतो. C_P आणि C_V मधला फरक TVα²/κ_T एवढा असतो, α हा प्रसरण गुणांक. वर्गामुळे α चे चिन्ह निघून जाते आणि κ_T चे उरते. आपल्या बिंदूवर हा फरक दर मोलला −74 ज्यूल/केल्विन येतो, म्हणजे C_P सुमारे −46. स्थिर अवस्थेत C_P नेहमी C_V पेक्षा जास्त किंवा तिच्याएवढी असते. कुणाच्या गणनेत C_P ही C_V पेक्षा लहान आली, तर ती अस्थिर फांदीवर जाऊन बसली आहे असे खुशाल समजावे.

रासायनिक कारखान्यांतल्या गणनांत हे खरोखर घडते. दिलेल्या तापमानाला आणि दाबाला असे समीकरण आकारमानाची तीन मुळे देऊ शकते. 0 अंश आणि 47.6 बार घातले तर मुळे येतात सुमारे 0.077, 0.14 आणि 0.30 लिटर. पहिले द्रवाचे, शेवटचे बाष्पाचे. मधले मूळ समीकरणाचे अगदी खरे उत्तर असते, पण तिथे (∂P/∂V)_T धन आहे, म्हणून ते टाकून द्यायचे. सुरुवातीचा अंदाज चुकीच्या जागी धरला तर संगणक निमूटपणे मधल्या मुळावर पोहोचतो आणि घनतेचा वाजवी दिसणारा आकडा हातात ठेवतो. त्या बिंदूवर दाबाचा उतार तपासला की चूक लगेच सापडते.

मग सिलिंडरमध्ये खरे काय होते

विषमता वाढत जाऊन कुठेतरी थांबते. दोन भागांचे दाब आणि रासायनिक विभव पुन्हा सारखे होतात, पण आता एक भाग दाट द्रव असतो आणि दुसरा विरळ बाष्प. व्हॅन डर वाल्सच्या समीकरणात हे 47.6 बारला घडते, वर आलेल्या 0.077 आणि 0.30 लिटर या दोन आकारमानांवर. प्रत्यक्षातला कार्बन डायऑक्साइड 0 अंशांना 34.85 बारला विभागतो. द्रवाचे आकारमान दर मोलला 0.0475 लिटर, बाष्पाचे 0.45. या मोजमापांवरून सिलिंडरमध्ये वजनाने सुमारे 80 टक्के द्रव आणि 20 टक्के बाष्प असेल. दाबमापकाला जे दिसते ते हेच. नागमोडी वक्र नेमका कोणत्या दाबाला कापायचा, याचा समान क्षेत्रफळांचा नियम मॅक्सवेल यांनी 1875 मध्ये दिला.

एक फरक इथे नीट धरावा लागतो. 0.077 ते 0.092 आणि 0.196 ते 0.30 या दोन पट्ट्यांत समीकरणाची संपीड्यता धन आहे. तिथे लहान सरकवणीने एन्ट्रॉपी घटते, तरीही द्रव आणि बाष्पात विभागलेल्या अवस्थेची एन्ट्रॉपी अधिकच असते. दट्ट्या थोडा हलवला तर तो परत येतो; पुरेसा मोठा बुडबुडा किंवा थेंब तयार झाला तरच अवस्था कोसळते. स्वच्छ गुळगुळीत भांड्यात पाणी 100 अंशांच्या वर तापूनही काही काळ न उकळता राहते, ते अशाच पट्ट्यात. C_V > 0 आणि κ_T > 0 या अटी फक्त जवळपासच्या हालचालींचा न्याय करतात, दूरच्या अवस्थांबद्दल त्या गप्प असतात. मधल्या पट्ट्यात मात्र बुडबुड्याची वाट पाहावी लागत नाही. विभागणी सगळीकडे एकदम सुरू होते. फार बारीक लांबीची विषमता पृष्ठताणाच्या खर्चामुळे दबते, म्हणून एका मधल्या लांबीची नक्षी सर्वांत वेगाने वाढते.

तापमान वाढवत नेले की हा मधला पट्टा अरुंद होत 31 अंशांना, 73.8 बारला, एका बिंदूत मिटतो. त्या क्रांतिक बिंदूवर (∂P/∂V)_T शून्य होते आणि संपीड्यता अमर्याद वाढते. ΔS च्या सूत्रात κ_T छेदात आहे, म्हणजे आकारमानाची अदलाबदल जवळजवळ फुकट होते. घनतेतले चढउतार प्रकाशाच्या तरंगलांबीएवढ्या अंतरांवर पसरतात आणि एरवी पारदर्शक असलेला कार्बन डायऑक्साइड दुधासारखा धूसर होतो.

या चढउतारांमधून अटींकडे जाण्याची आणखी एक वाट आहे. उष्णतासाठ्याशी जोडलेल्या व्यवस्थेच्या ऊर्जेचे विचरण kT²C_V एवढे असते, आणि ठरावीक आकारमानातल्या रेणूसंख्येचे विचरण κ_T च्या प्रमाणात. विचरण म्हणजे वर्गांची सरासरी. ते ऋण असूच शकत नाही.

हा युक्तिवाद जिथे लागू पडत नाही

वरच्या प्रत्येक पायरीत एक गृहीतक होते: व्यवस्थेचे दोन भाग पाडता येतात, आणि एकूण ऊर्जा व एन्ट्रॉपी ही त्या भागांची बेरीज असते. रेणूंमधली ओढ काही रेणूंच्या अंतरातच संपते, म्हणून कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत हे चालते. गुरुत्वाकर्षण तसे संपत नाही. ताऱ्यांच्या गोलाकार गुच्छात प्रत्येक तारा बाकी सर्वांना ओढतो. गुच्छाचे दोन अर्ध पाडले तर त्यांच्यामधली ऊर्जा दोघांपैकी कुणाच्याच खात्यावर टाकता येत नाही. गुरुत्वाने बांधलेल्या अशा समूहाची एकूण ऊर्जा गतिज ऊर्जेच्या ऋण मूल्याएवढी असते. म्हणून समूहाने ऊर्जा गमावली की गतिज ऊर्जा वाढते, तो आकसतो आणि तापतो. त्याची उष्माधारकता खरोखर ऋण आहे.

दुसरा नियम तिथे मोडत नाही. एकटा पडलेला तारकासमूह ऋण उष्माधारकतेनिशी दीर्घकाळ राहू शकतो, कारण त्याच्या ऊर्जेचे विचरण मोजायला भोवती उष्णतासाठाच नाही. तो मोठ्या साठ्याशी जोडला असता तर मात्र उष्णतेच्या चाचणीतला ऱ्हास लगेच सुरू झाला असता. लिंडेन-बेल आणि वूड यांनी 1968 मध्ये दाखवले की तसा ऱ्हास समूहाच्या आतच सुरू होऊ शकतो. दाट गाभ्याची उष्माधारकता ऋण असते, बाहेरच्या विरळ भागाची धन. गाभ्यातून उष्णता बाहेर वाहिली की गाभा आणखी तापतो. बाहेरचा भाग लहान असेल तर तोही लवकर तापून गाभ्याला गाठतो आणि प्रवाह थांबतो. तो पुरेसा मोठा असेल तर त्याचे तापमान जेमतेम वाढते, दोघांमधला फरक रुंदावत जातो आणि गाभा कोसळत राहतो.